"काका गेले" म्हणू नका: मृत्यूची बातमी सांगताना डॉक्टरांच्या हातून होणाऱ्या चुका

रात्री पावणेतीनला आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईंना रेसिडेंट हळूच सांगतो, "काकू, काका गेले." काकू विचारतात, "कुठी गेले? सोनोग्राफीले नेलं का जी?"

यात काकूंचं काही चुकलेलं नाही. संध्याकाळपासून त्यांनी हेच ऐकलंय: पेशंट एक्स-रेला गेला, इकोला गेला, वर गेला. वॉर्डात "गेला" हा रोजच्या वापरातला शब्द आहे, आणि घाबरलेलं माणूस शब्दाचा सगळ्यात कमी वाईट अर्थ धरून बसतं. आता रेसिडेंटला तीच बातमी पुन्हा सांगावी लागते, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

उदाहरण म्हणून अशी एक केस धरू. उमरेडकडचे ५४ वर्षांचे गृहस्थ, छातीत दुखतं म्हणून रात्री अकराला नागपुरात आणलेले. ईसीजीत मोठा हार्ट अटॅक. १ वाजून ५५ मिनिटांनी हृदय बंद पडलं, ४५ मिनिटं सीपीआर दिला, २ वाजून ४० मिनिटांनी मृत्यू घोषित केला. बाहेर बायको, बावीस वर्षांचा मुलगा आणि मुलाचा मामा.

शब्द

"एक्स्पायर झाले" हे स्टाफचं बोलणं आहे. घरच्यांना एक्स्पायरी औषधाच्या पाकिटावरची माहीत असते. "डिक्लेअर केलं", "रिव्हाइव्ह होऊ शकले नाहीत", "रिस्पॉन्स देत नाहीयेत" या वाक्यांत मृत्यू कुठेच नाही. "रिस्पॉन्स नाही" म्हटलं की मामा विचारणारच, "मग दुसरं इंजेक्शन द्या ना."

मराठीत स्पष्ट आणि तरीही मान राखणारे शब्द आहेत. "वारले" चालतं. "त्यांचा मृत्यू झाला आहे" त्याहून पक्कं. यातला एक शब्द पहिल्या दोन-तीन वाक्यांत आलाच पाहिजे. नागपूरच्या वॉर्डात आणखी एक अडचण असते: छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून येणारे नातेवाईक बरेच असतात आणि "वारले" त्यांना कळेलच असं नाही. त्यांना "उनकी मृत्यु हो गई है" असं सांगा. गडचिरोलीकडचं गोंडी बोलणारं कुटुंब असेल, तर आत जाण्याआधी भाषा येणारा स्टाफमधला माणूस शोधा. घरातल्या शाळकरी पोराला दुभाषा करू नका. आपल्याच बापाची बातमी त्याला आईला सांगावी लागते.

"सिरियस" हा शब्दही एव्हाना निकामी झालेला असतो. अकरा वाजल्यापासून प्रत्येकानं तोच वापरलाय. मृत्यू झाल्यावर "खूप सिरियस आहे" म्हणून वेळ काढला, तर पुढच्या दहा मिनिटांत मामा कोणाला तरी फोन करून दुसऱ्या हॉस्पिटलात बेड बघायला लागतो.

आधी इतिहास, शेवटी बातमी

भल्या डॉक्टरांकडूनही ही चूक होते. बातमी जड वाटते म्हणून ते सुरुवातीपासून सुरू करतात: "तुम्ही अकराला आणलं, तेव्हा बीपी लो होतं, आम्ही औषधं सुरू केली, मग दोनच्या सुमारास..." ऐकणाऱ्याचं लक्ष फक्त एका गोष्टीकडे असतं, जिवंत आहेत की नाहीत. तोवरचं काही डोक्यात शिरत नाही. वर, इतकं लांबण लावल्यावर बातमी आली की नंतर वाटतं, डॉक्टर आधी आपली बाजू मांडत होता.

कॅन्सरसारख्या आजाराची बातमी सांगण्यासाठी २००० साली मांडलेली स्पाइक्स ही पद्धत बऱ्याच जणांनी शिकलेली असते. तिच्यात आधी विचारायचं असतं की तुम्हाला आतापर्यंत काय माहीत आहे, किती जाणून घ्यायचंय. निदान सांगताना हे ठीक. अचानक मृत्यूच्या वेळी "तुम्हाला काय माहिती आहे?" हा प्रश्न लांबला, तर तो परीक्षा घेतल्यासारखा वाटतो. तिथे एका वाक्यात धागा जोडावा आणि पुढे जावं.

आपल्या केसमध्ये ते असं होईल. आधी नाव ताडून घ्यायचं: "तुम्ही यांच्या पत्नी ना? उमरेडहून आलात?" एकाच रात्री एकाच आडनावाचे दोन पेशंट असणं नवीन नाही, म्हणून आत जाण्याआधी केसपेपर आणि हातातली पट्टी बघून जायचं. मग सगळ्यांना बसवून, स्वतःही बसून:

"काकू, वाईट बातमी आहे." दोन श्वास थांबायचं. "काकांचं हृदय दोन वाजता बंद पडलं. आम्ही पाऊण तास ते सुरू करायचा प्रयत्न केला. ते सुरू झालं नाही. काकांचा मृत्यू झाला आहे."

एवढंच. अर्ध्या मिनिटाच्या आत.

त्यानंतरची शांतता भरून काढणं

इथे जीभ आवरत नाही. कुणी "देवाची मर्जी" म्हणतं, कुणी "त्रास झाला नाही त्यांना", कुणी थेट पेपरांवर येतं. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये मृत्यूची बातमी द्यायला ग्रीव्हिंग नावाचं एक सूत्र शिकवतात. त्याच्या अक्षरांमध्ये एक जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे, ती या शांततेसाठी. काकू हंबरडा फोडतील, भिंतीला टेकून खाली बसतील किंवा नुसत्या बघत राहतील. तुम्ही बसून राहायचं. पुढचं वाक्य त्यांच्याकडून येऊ द्यायचं. फोन सायलेंट करून सिस्टरकडे दिलेला असेल तरच हे जमतं, कारण नेमका याच वेळी दुसऱ्या वॉर्डचा कॉल येतो.

मग प्रश्न येतात, आणि ते साधारण ठरलेले असतात. "त्याईचे हात त अजून गरम हायेत." उत्तर: "हो, शरीर थंड व्हायला काही तास लागतात. पण हृदय थांबलं आहे, ते आता परत सुरू होणार नाही." मामा म्हणतो, "मशीनवर ठेवा, पैशाचं मी पाहतो." उत्तर: "मशीन फक्त श्वास देतं. हृदय बंद असताना मशीननं माणूस परत येत नाही. पैसे कमी पडले म्हणून हे झालेलं नाही." हे शेवटचं वाक्य वगळू नका. मामाचा खरा प्रश्न तोच होता.

मुलगा विचारतो, "आठ वाजताच आणलं असतं त?" सगळ्यात जपून द्यायचं उत्तर हे. "आधी आणायला हवं होतं" म्हणालात, तर तो ते वाक्य जन्मभर उराशी बाळगेल. "काहीच फरक पडला नसता" म्हणणं खोटं ठरू शकतं, आणि उद्या दुसरा डॉक्टर त्याला वेगळं सांगेल. खरं आणि सोसवेल असं एवढंच सांगता येतं: "अटॅक मोठा होता. दुखतंय हे कळल्यावर तुम्ही त्यांना घेऊन आलात. लवकर आणलं असतं तर काय झालं असतं, हे आज कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही."

फक्त मामाला सांगणं

"बाईले सांगू नका, मले सांगा." हे वाक्य विदर्भात जवळजवळ प्रत्येक रात्री ऐकू येतं, आणि त्यामागे प्रेमच असतं. पण मामाला कोपऱ्यात नेऊन सांगितलं की तो तिथेच भिंतीवर डोकं टेकतो. काकू ते वीस फुटांवरून बघतात आणि बातमी त्यांना त्याच्या पाठीवरून कळते. बायको समोर बसलेली असेल, तर मामाला म्हणावं, "तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. मी सांगतो, तुम्ही त्यांना धरा." बहुतेक जण याला तयार होतात, कारण त्यांना सांगायचं नसतंच, सांभाळायचं असतं.

किती जणांना आत घ्यायचं? जवळचे तीन-चार. बाहेर पंधरा जण जमले असतील, तर मामानं नंतर बाहेर जाऊन सांगावं. इंटर्नला एकटं पाठवू नये. सीपीआरमध्ये हजर असलेला डॉक्टर आणि एक सिस्टर, एवढे तरी हवेत. खुर्ची दाराजवळची घ्या, म्हणजे कुणाचा तोल गेला तर त्याचा किंवा तुमचा रस्ता अडणार नाही. ॲप्रनवर रक्त असेल तर बदला.

फोनवर

थोरली मुलगी गोंदियाला आहे, रस्त्यानं तीन तास. "सिरियस आहे, लवकर या" सांगून तिला रात्री गाडी पळवायला लावणं ही दयाही नाही आणि सुरक्षितही नाही. आधी विचारा: कुठे आहात, गाडी कोण चालवतंय, सोबत कोण आहे. ती स्वतः चालवत असेल तर आधी बाजूला थांबायला सांगा. "बाबा आहेत ना?" असं तिनं थेट विचारलं, तर खरं सांगा. पोहोचल्यावर तिला केसपेपरवरची २ वाजून ४० मिनिटांची वेळ दिसणारच आहे. त्यानंतर तुमच्या दुसऱ्या कुठल्याच शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही.

बघायला नेण्याआधी

व्हेंटिलेटर आणि मॉनिटर बंद करून मगच घरच्यांना आत आणा. मशीन चालू असेल तर छाती वरखाली होत राहते, आणि पलंगाला धक्का लागला तरी मॉनिटरवर रेघ हलते. मग काकू ओरडतात, "हालले ना ते!" आणि तुमचं सगळं सांगणं वाया जातं. रक्त पुसा, डोळे मिटा, चादर छातीपर्यंत ओढा आणि एक हात बाहेर ठेवा, धरायला. शेजारी एक खुर्ची ठेवा.

आपल्या केसमध्ये कारण माहीत आहे, त्यामुळे नळ्या काढता येतात. अपघात, विषबाधा किंवा आणतानाच मृत असलेला पेशंट असेल आणि पोस्टमॉर्टेमसाठी मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं असेल, तर तोंडातली नळी आणि सलाइनची सुई तशीच ठेवावी लागते. हे आत नेण्याआधी दारातच सांगा: "तोंडात नळी दिसेल. पोलिस केस असल्यामुळे आम्हाला ती काढता येत नाही. आता त्यांना ती टोचत नाहीये."

बिलाची गोष्ट या खोलीत काढू नका. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे काउंटरवरच्या माणसालाही माहीत हवं. नाहीतर वर तुम्ही तासभर नीट बोलता आणि खाली एका वाक्यात त्यावर पाणी फिरतं. केसपेपरवर कोणाला, किती वाजता, कोणी सांगितलं ते लिहा, आणि सकाळच्या शिफ्टला तोंडी सांगा. आठला येणाऱ्या सिस्टरनं काकूंना "पेशंटचं नाव काय, जेवले का ते?" विचारू नये.

शेवटी सामान. चप्पल, घड्याळ, करदोडा, घरून आलेला डबा. ते बायोमेडिकल कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत भरून देऊ नका. साधी स्वच्छ कापडी पिशवी ठेवा, वस्तू मोजून कागदावर लिहा, मुलाची सही घ्या, आणि पिशवी त्याच्या हातात द्या, पलंगावर ठेवून नका जाऊ.