कॉल क्लोज करताना या चुका टाळा

मालवण, देवगड, वेंगुर्ला या किनारपट्टीवरच्या हॉटेलांची, होमस्टेंची आणि पतसंस्थांची बिलिंग मशीन, वायफाय आणि कॅमेरे सांभाळायचं आमचं काम. कॉल येतो, कोणीतरी जातो, काम करतो, सिस्टीममध्ये रिमार्क टाकतो आणि कॉल बंद करतो. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी दुसराच कोणी जातो आणि त्याच्या हाती जुना रिमार्क लागतो तो असा: ‘इश्यू सॉल्व्ड. कस्टमर ओके.’ हे वाचून त्याला काय कळायचं? तो पहिल्यापासून सुरुवात करतो आणि गिऱ्हाईक परत एकदा तेच सगळं सांगत बसतं.

निकाल लिहिणं, बदल न लिहिणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहितो.

तारकर्लीच्या बाजूला एक होमस्टे आहे, खाली खानावळ. काउंटरवर बिलाचा थर्मल प्रिंटर, तो नेटवर्कच्या केबलने राउटरला जोडलेला. पावसाळा संपला आणि पर्यटक सुरू झाले तशी तक्रार आली की प्रिंटर मधूनच बंद पडतो. आमचा एक जण जाऊन आला, रिमार्क: ‘केबल बदलली, ओके.’ आठवड्याने दुसरा गेला: ‘ड्रायव्हर परत टाकला, ओके.’ दोघांनीही निघताना टेस्ट प्रिंट काढली होती आणि ती आली होती. तिसऱ्या खेपेला मालकांना नवा प्रिंटर घ्या असं सांगण्यापर्यंत गोष्ट गेली, तेव्हा मी गेलो.

मालक म्हणाले, “सकाळी बरो चालता ओ, दुपारी गिऱ्हायका इली काय बंद.” हे वाक्य आधीच्या एकाही रिमार्कमध्ये नव्हतं, आणि सगळं उत्तर त्यातच होतं. वेळ ठरलेली असेल तर केबल आणि ड्रायव्हर यांच्यावर संशय घ्यायचं कारणच उरत नाही. दुपारी नेमकं काय बदलतं, ते शोधायचं.

प्रिंटर बंद पडल्यावर मी त्याचं बटण बंद केलं, केबल काढून ठेवली आणि काउंटरच्या कॉम्प्युटरवर हे चालवलं:

```
ping 192.168.1.50
arp -a
```

प्रिंटर बंद, केबल हातात, तरी 192.168.1.50 वरून उत्तर येत होतं. म्हणजे तो पत्ता दुसऱ्या कोणाकडे तरी होता. `arp -a` मध्ये त्या पत्त्यासमोरचा मॅक ॲड्रेस पाहिला आणि प्रिंटरचं फीड बटण दाबून धरून तो चालू केल्यावर निघालेल्या सेल्फ टेस्टच्या कागदाशी ताडून बघितला. दोन्ही वेगळे. शिवाय `arp` मधल्या मॅकचं दुसरं अक्षर `e` होतं. ते 2, 6, a किंवा e असलं की पत्ता कारखान्यात दिलेला नसतो, बहुतेक वेळा तो फोनने स्वतः बनवलेला असतो. चौकशी केली तर दुपारच्या पाळीला येणाऱ्या वाढप्याचा फोन निघाला. रात्री खानावळ बंद करताना प्रिंटरही बंद व्हायचा. अशाच एका वेळी राउटरला 50 नंबर रिकामा दिसला आणि त्याने तो या फोनला दिला. तेव्हापासून मुलगा कामावर आला की फोन तोच पत्ता मागायचा, राउटर देऊन टाकायचा आणि बिलं अडायची.

आता खरी गोष्ट. हा प्रिंटर दोन वर्षं विनातक्रार चालला होता, कारण बसवणाऱ्याने राउटरची आपोआप पत्ते वाटायची रेंज 100 पासून पुढे ठेवली होती आणि 50 नंबर प्रिंटरसाठी मोकळा सोडला होता. काम उत्तम होतं. रिमार्क मात्र: ‘प्रिंटर इन्स्टॉल केला, चालू.’ मग मिरगाच्या तोंडावर वीज पडून राउटर जळला. नवा राउटर ज्याने बसवला, त्याने वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला आणि रेंज कंपनीने दिलेली, 2 ते 254, तशीच राहू दिली. रेंज कोणी मुद्दाम आवरली होती हे त्याला कळायला मार्गच नव्हता. पावसाळ्यात माणसं कमी, फोन कमी, म्हणून काही जाणवलं नाही. सीझन सुरू झाल्यावर पत्ते वाटत वाटत राउटर 50 पर्यंत पोचला.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. रेंज परत 100 ते 199 केली, राउटर बंद करून चालू केला आणि त्या मुलाच्या फोनचं वायफाय काढून परत जोडून घेतलं. रिमार्क लिहायला त्याहून जास्त वेळ दिला. तो असा:

> तक्रार: प्रिंटर सकाळी चालतो, दुपारी बंद पडतो. केबल आणि ड्रायव्हर आधी बदलून झाले, फरक नाही.
> आढळलं: प्रिंटर बंद असतानाही 192.168.1.50 पिंगला उत्तर देतो. पत्ता स्टाफच्या फोनकडे गेलेला.
> कारण: राउटर बदलल्यावर डीएचसीपी रेंज 2–254 राहिली. प्रिंटरचा फिक्स पत्ता 50 त्यात येतो.
> बदल: रेंज 2–254 होती, ती 100–199 केली. प्रिंटरला हात लावलेला नाही.
> असं का: या राउटरमध्ये पत्ता राखून ठेवायची सोय नाही, म्हणून रेंजच आवरली.
> तपासलं: तोच फोन परत जोडला, त्याला 100 च्या पुढचा पत्ता मिळाला. फोन चालू असताना तीन बिलं काढली.
> पुढच्यासाठी: राउटर बदलला किंवा फॅक्टरी रीसेट केला तर रेंज परत 100–199 करावी, नाहीतर हीच तक्रार येईल.

यातली ‘बदल’ ही ओळ बघा. आधी काय होतं आणि आता काय आहे, दोन्ही लिहायचं. नुसतं ‘डीएचसीपी रेंज सेट केली’ म्हटलं तर पुढच्याला मागे जाता येत नाही. आणि ‘असं का’ ही ओळ नसेल, तर कोणीतरी हुशार माणूस नेमका तो बदल उलटा करतो, कारण त्याला ती चूक वाटते. ‘प्रिंटरला हात लावलेला नाही’ हेही मुद्दाम लिहिलं आहे. काय केलं नाही हे कळलं की पुढच्याचं शोधायचं अर्धं क्षेत्र कमी होतं.

नवीन मुलं म्हणतात, एवढं लिहायला वेळ कुठे आहे, पुढचा कॉल थांबलाय. मला हे पटत नाही. सात ओळींना पाच मिनिटं लागतात. त्या खानावळीत आमच्या फेऱ्या फुकट गेल्या, आणि चालता प्रिंटर भंगारात जाणार होता.

काय बदललं ते लिहिणं, काढलेल्या भागाची अवस्था न लिहिणं

ही चूक खास आपल्या किनाऱ्यावर महागात पडते. बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या तक्रारी काढून बघा: ‘कनेक्टर बदलला’, ‘कनेक्टर बदलला’, ‘क्रिम्प परत केलं’. कॅमेरा तोच, माणसं वेगळी. प्रत्येकाने काढलेला कनेक्टर हातात घेतला, बघितला आणि फेकला. तो कसा दिसत होता हे कोणी लिहिलं नाही.

एका जेटीजवळच्या गोदामात मी असा कनेक्टर काढला तेव्हा त्याच्या काही पिना हिरव्या पडल्या होत्या, बाकीच्या स्वच्छ होत्या. पीओईवर कॅमेऱ्याची वीज त्याच केबलमधून जाते. पिनांवर खारा ओलावा बसला आणि त्यात सतत डीसी व्होल्टेज असलं की वीज वाहणाऱ्या पिना झपाट्याने खराब होतात. हवेतला दमटपणाच कारण असता तर सगळ्या पिना साधारण सारख्याच काळवंडल्या असत्या. इथे केबल छपरावरून सरळ खाली कॅमेऱ्यात शिरत होती, आणि पावसाचं पाणी तिच्या अंगाने ओघळून थेट कनेक्टरपर्यंत येत होतं. कितीही वेळा कनेक्टर बदला, पुढच्या पावसात तेच होणार.

केबलला कनेक्टरच्या खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. जोड जंक्शन बॉक्समध्ये घेतला आणि केबल बॉक्सच्या खालच्या बाजूने आत नेली. हे दुसऱ्याच खेपेला सुचलं असतं, जर पहिल्या रिमार्कमध्ये ‘काही पिना हिरव्या, बाकी स्वच्छ, केबल वरून सरळ खाली’ एवढं असतं. म्हणून माझी सवय अशी की काढलेला भाग पिशवीत टाकायच्या आधी त्याचा फोटो काढायचा आणि रिमार्कमध्ये त्याचं एका वाक्यात वर्णन करायचं. नुसता फोटो पुरत नाही. सहा महिन्यांनी तो कोणत्या कॅमेऱ्याचा होता हे कोणालाच आठवत नाही, आणि शोधताना फोटोतलं सापडत नाही, लिहिलेलं सापडतं.

कारण कळलं नसताना कारण लिहिणं

राउटर बंद करून चालू केला आणि नेट आलं, तर तेवढंच लिहा: ‘रीस्टार्टने चालू झालं, कारण कळलं नाही. रीस्टार्टच्या आधी दिवे असे होते.’ ‘राउटर हँग झाला होता’ हा अंदाज असतो, पण रिमार्कमध्ये गेला की पुढचा त्याला निदान समजतो आणि लाइटचा व्होल्टेज किंवा फायबरचा जोड तपासतच नाही. दिव्यांची स्थिती रीस्टार्ट केल्यावर पुसली जाते, म्हणून ती आधी टिपून घ्यायची. घाई करणारे नेमकं इथेच चुकतात. पोचल्या पोचल्या स्विचकडे हात जातो आणि पुरावा गेलेला असतो.

तात्पुरतं काम कायमचं असल्यासारखं बंद करणं

यूपीएस बिघडला म्हणून राउटर थेट बोर्डावर लावला असेल, तर कॉल बंद करू नका. बंद करावाच लागला तर यूपीएससाठी नवा कॉल उघडून त्याचा नंबर जुन्या रिमार्कमध्ये टाका. आपल्याकडे वळवाच्या पावसात लाइट किती वेळा जाते-येते ते सगळ्यांना माहीत आहे. तो राउटर मे महिना काढेल याची खात्री नाही.

बाकी थोडक्यात

‘फोनवर सांगितल्याप्रमाणे केलं’ असं लिहू नका. तो फोन पुढच्याने ऐकलेला नाही, काय ठरलं ते लिहा. ‘काल’, ‘मागच्या वेळी’ नको, तारीख टाका. ‘मागचा कॅमेरा’ नको, रेकॉर्डरवरचा चॅनल नंबर टाका.

पासवर्ड रिमार्कमध्ये कधीच लिहू नका, तो बदलला एवढंच लिहा आणि नवा कोणाकडे दिला ते लिहा.

आणि रिमार्क जागेवरच लिहा, बॅग भरायच्या आधी. संध्याकाळी ऑफिसात बसून चार कॉलचे रिमार्क एकदम लिहिणाऱ्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, हे मी वारंवार पाहिलंय. रेंज नसेल तर फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा आणि रेंज आली की तसंच्या तसं सिस्टीममध्ये चिकटवा.