ऑडिट क्लोज होण्याआधी डिपार्टमेंटकडून बिलं मागताय? या चुका टाळा

एप्रिलचा दुसरा आठवडा आला की अकाउंट्समधून तो मेल सुटतो. ‘सर्व विभागप्रमुखांनी आपापली प्रलंबित बिले व कागदपत्रे शुक्रवारपर्यंत सादर करावीत.’ मेल चौदा जणांना जातो आणि प्रत्येकाला वाटतं, हा बाकीच्या तेरा जणांसाठी आहे. शुक्रवारी हातात येतं काय, तर ॲडमिनची कुरिअरची पाकिटं आणि सेल्सवाल्यांचा ‘विल चेक’ असा रिप्लाय.

अशा मेलवर चिडणारे फायनान्सवाले मी खूप पाहिलेत. पण चूक मागणाऱ्याची असते. प्रॉडक्शनच्या माणसाला काय ठाऊक, त्याच्या नावावर काय पेंडिंग आहे? ते आपल्या लेजरमध्ये दिसतं, त्याच्या टेबलावर नाही. म्हणून मी मेल करण्याआधी ॲडव्हान्सची खाती आणि सपोर्टिंग नसलेली व्हाउचर्स काढतो, आणि प्रत्येक हेडला फक्त त्याच्या ओळी पाठवतो. ओळ अशी: ‘१८ जानेवारी, नागपूर दौरा, हॉटेल, १४,२०० रुपये. तुमच्याकडून आलेला कागद बुकिंगचं कन्फर्मेशन आहे, टॅक्स इन्व्हॉइस हवा.’ तारीख, पार्टी, रक्कम आणि नेमकं काय कमी आहे. एवढं लिहिलं की समोरचा माणूस हॉटेलला फोन करतो. ‘पेंडिंग डॉक्युमेंट्स’ म्हटलं की तो मेल बंद करतो.

यादी पाठवून मी थांबतही नाही. प्रिंट घेऊन दुपारी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसतो. दहा मिनिटांत सहा ओळी सुटतात आणि उरलेल्या दोन कोणाकडे अडकल्यात ते कळतं. नवीन मुलांना हे कमीपणाचं वाटतं. त्यांना पहिल्याच मेलमध्ये एमडींना सीसी करायचं असतं. करा खुशाल. त्या वर्षी बिलं येतील, पुढच्या वर्षी तो हेड तुमचा फोनसुद्धा उचलणार नाही. सीसी हे तिसऱ्या रिमाइंडरचं हत्यार आहे.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे. ‘मार्चचं एखादं बिल पेंडिंग आहे का?’ असं विचारणं.

एका कारखान्यात असताना मी मेंटेनन्सच्या हेडना हाच प्रश्न फोनवर विचारला. ते म्हणाले, “नाही साहेब, माझ्याकडे एकही बिल नाही.” मी त्यांच्या नावापुढे ‘निल’ लिहिलं. ते खोटं बोलले नव्हते. कंप्रेसरचं ओव्हरहॉलिंग २४ मार्चला पूर्ण झालं होतं, पण कॉन्ट्रॅक्टरचं बिल १२ एप्रिलचं होतं. त्याचंही काही चुकलं नव्हतं, कारण जीएसटीत सेवा दिल्यानंतर बिल काढायला सर्वसाधारणपणे ३० दिवस मिळतात. आमच्या माणसाने ते बिल एप्रिलच्या खर्चात टाकलं आणि मे महिन्यात पैसेही दिले.

जूनमध्ये ऑडिटरची एक आर्टिकल मुलगी आली. तिने मार्चची फाइल मागितलीच नाही, एप्रिल आणि मेचं बँक स्टेटमेंट मागितलं. एक लाखाच्या वरची पेमेंट्स पेन्सिलने टिक केली आणि त्यांची बिलं काढायला सांगितली. कंप्रेसरच्या बिलाला जॉब रिपोर्ट टाचलेला होता, त्यावर काम संपल्याची तारीख आणि आमच्याच हेडची सही. तिने रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, “सर, हे मार्चमध्ये का नाही?”

बिल होतं ४,८०,००० अधिक १८ टक्के जीएसटी. म्हणजे आमचा त्या वर्षीचा नफा ४,८०,००० रुपयांनी फुगलेला होता. नफ्यातोट्याचा मसुदा बँकेला गेलेला, तो परत मागवून दुरुस्त करावा लागला. त्यात टीडीएसची भर. काम मार्चचं, म्हणजे प्रोव्हिजन ३१ मार्चलाच व्हायला हवी होती, आणि तिच्यावर २ टक्के, म्हणजे ९,६०० रुपये, कापून ३० एप्रिलपर्यंत भरायला हवे होते. आम्ही ते पेमेंटच्या वेळी, मे महिन्यात कापले. व्याजाची रक्कम किरकोळ होती, पण चौथ्या तिमाहीचं रिटर्न उघडून दुरुस्त करण्यात जे दोन दिवस गेले ते किरकोळ नव्हते. टीडीएस मुळात कापलाच नसता, तर खर्चाचे ३० टक्के, म्हणजे १,४४,००० रुपये, करासाठी नामंजूर झाले असते.

तेव्हापासून मी बिलाबद्दल विचारतच नाही. प्रश्न असा असतो: ‘३१ मार्चपर्यंत कोणतं काम पूर्ण झालं किंवा कोणता माल आत आला, ज्याचं बिल अजून आलेलं नाही?’ आणि उत्तरावर पूर्ण विसंबत नाही. ओपन पीओची यादी काढतो, गेल्या मार्चमध्ये कोणकोणत्या प्रोव्हिजन्स केल्या होत्या ते पाहतो, आणि सिक्युरिटीच्या केबिनमधून १५ ते ३१ मार्चचं गेट रजिस्टर मागवतो. कोणत्या कॉन्ट्रॅक्टरची माणसं किती दिवस आत होती, हे तिथे निळ्या पेनाने लिहिलेलं असतं. हेड विसरतात, गेटवरचा माणूस विसरत नाही.

बिल आलेलं नसेल तर पीओचा दर आणि काम पूर्ण झाल्याचा सही केलेला रिपोर्ट, या दोन कागदांवर प्रोव्हिजन होते. रक्कम जीएसटी वगळून धरा, कारण क्रेडिट मिळणार असेल तर तो कर खर्च नाही आणि क्रेडिट बिल आल्यावरच घ्यायचं आहे. काही जण या सगळ्याऐवजी ‘दहा लाख लमसम टाकून ठेवू’ म्हणतात. ऑडिटर पहिला प्रश्न विचारतो, दहाच का? त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

यूपीआयचा स्क्रीनशॉट हे पैसे गेल्याचं सांगतो, कशासाठी गेले ते नाही. प्रोफॉर्मा आणि कोटेशन यांनाही बिल समजू नका.

पेट्रोल पंपाच्या आणि टोलच्या पावत्या थर्मल कागदावर असतात. मार्चमध्ये मागितल्या तर जूनमधली पावती कोरी निघते. दर महिन्याला फोटो काढून घ्या.

दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलच्या बिलावर त्या राज्याचा जीएसटी लागतो, त्याचं क्रेडिट इथल्या नोंदणीवर मिळत नाही. गोव्याच्या कॉन्फरन्सच्या खोल्यांच्या बिलावर जीएसटी नंबर टाकून आणण्यासाठी सेल्सवाल्यांच्या मागे महिनाभर लागू नका. कंपनीच्या नावाचं बिल मात्र हवंच.

एकाच माणसाला एकाच दिवशी रोखीने ९,५०० ची तीन व्हाउचर्स करणारे महाभाग अजून आहेत. दहा हजारांची मर्यादा व्हाउचरला नाही, एका व्यक्तीला एका दिवसात दिलेल्या एकूण रोखीला आहे.

आणि हरवलेल्या बिलांच्या जागी एका बैठकीत, एकाच पेनाने वीस डेबिट व्हाउचर्स लिहू नका. सॉफ्टवेअरमध्ये मागची तारीख टाकूनही उपयोग नाही. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे आणि एंट्री खरी कधी पडली ते त्यात दिसतं. बिल हरवलंच असेल तर पार्टीकडून डुप्लिकेट कॉपी मागवा. पार्टी फोन उचलत नसेल तर हेडकडून कारण लिहून घ्या, त्यावर आजची तारीख टाका आणि ऑडिटरने विचारायच्या आत त्याच्यापुढे ठेवा.