बिलिंग मशीनचं नेट ‘बंद’ नाही, मोजकं आहे: दुकानातल्या मंडळींना समजावताना या चुका टाळा

नाशिकमध्ये मेन रोड, भांडी बाजार, पंचवटी या पट्ट्यातल्या काही दुकानांचं नेटवर्क मी बघतो. बिलिंगच्या संगणकाने कोणकोणत्या पत्त्यांशी बोलायचं याची यादी राऊटरमध्ये घालायला मला अर्धा तास पुरतो. पण ती यादी कशासाठी आहे हे काउंटरवरच्या माणसाला पटलेलं नसेल, तर पहिल्याच गर्दीच्या दिवशी तो तिला वळसा घालतो. म्हणून आता यादी लावली की त्याच दिवशी दुकान उघडण्याआधी वीस मिनिटं सगळ्यांना बसवून बोलतो. त्या बोलण्याचा मसुदा इथे देतोय, आणि मी स्वतः बोलताना काय काय चुकलो तेही.

पहिली चूक: अमेरिकेतल्या गोष्टीने सुरुवात करणं

सुरुवातीला मी टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीची गोष्ट सांगायचो. 2013 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथल्या बिलिंग यंत्रांमध्ये चोरांनी प्रोग्राम बसवला आणि सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती बाहेर नेली. आत शिरले ते एसी-रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या कंत्राटदाराचा पासवर्ड वापरून. गोष्ट खरी आहे, पण आमची पोरं ऐकून म्हणायची, “आपल्याकडे कार्ड तर वेगळ्या मशीनवर घासतात.” आणि त्यांचंही खरंच होतं. आपल्याकडे कार्डाचं मशीन आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा बहुतेक ठिकाणी स्वतःच्या सिमवर चालतात, त्यांचा बिलिंगच्या संगणकाशी फारसा संबंध नसतो.

आता मी असं सुरू करतो:

“या मशीनमध्ये काय काय आहे ते आधी मोजू. गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर. कोणाची किती उधारी. जीएसटीच्या पोर्टलचा पासवर्ड, कारण तो ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवलाय. आणि प्रत्येक पातेल्याचा, प्रत्येक कळशीचा खरेदी भाव. तो भाव समोरच्या दुकानात गेला तर?”

खरेदी भाव म्हटला की सगळे सावरून बसतात.

दुसरी चूक: “बाकी सगळं ब्लॉक आहे” एवढंच सांगणं

नुसता ‘ब्लॉक’ हा शब्द ऐकला की माणसाला आपल्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा उधारीची वही समोर धरावी:

“शेठ उधार कोणाला देतात? ज्याचं वहीत खातं आहे त्याला. नवा माणूस आला तर तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघून ठरवत नाही, शेठना विचारता. कोणाला द्यायचं नाही याची यादी आपण करत नाही, कारण बुडवणारा दर वेळी नवं नाव सांगतो. मशीनचंही तसंच. वाईट पत्ते किती लिहिणार? रोज नवे निघतात. म्हणून ज्यांच्याशी काम आहे ते चार-पाच पत्ते वहीत लिहिलेत, बाकीच्यांना दारातूनच परत.”

मग ते पत्ते खरोखर वाचून दाखवावेत. आमच्या एका भांड्यांच्या दुकानात आहेत ते असे: बिलिंग सॉफ्टवेअर कंपनीचा सर्व्हर, ई-इन्व्हॉइस पाठवणारा सर्व्हर, विंडोजचे अपडेट, अँटीव्हायरसचे अपडेट आणि घड्याळ जुळवण्यासाठी सरकारी वेळ-सर्व्हर `samay1.nic.in`. एवढ्यावर मशीनचं काम भागतं. बिलाचा प्रिंटर या यादीत कुठेच नाही, कारण तिथे जायला मशीनला दुकानाबाहेर पडावंच लागत नाही. म्हणून प्रिंट येत नसेल तर रोल आणि केबल बघा, यादीला दोष देऊ नका.

तिसरी चूक, आणि सगळ्यात महागाची: मोबाईलचा हॉटस्पॉट

बोलण्यातला निम्मा वेळ मी यावर घालवतो, कारण हे त्याच दुकानात घडलेलं आहे.

धनत्रयोदशीची आदली संध्याकाळ. भांड्यांच्या दुकानात त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. एका हॉटेलवाल्याची मोठी ऑर्डर होती. दुकानाची उलाढाल 5 कोटींच्या वर, त्यामुळे व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर ई-इन्व्हॉइसचा क्रमांक लागतोच. तो येईना. काउंटरवरची साधी बिलं मात्र धडाधड निघत होती. काउंटरवरच्या मुलाने दोनदा प्रयत्न केला, मग आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून मशीन त्याला जोडलं. क्रमांक लगेच आला. शेठनी पाठ थोपटली.

झालं काय होतं? सॉफ्टवेअर कंपनीने ई-इन्व्हॉइसचा सर्व्हर नव्या पत्त्यावर हलवला होता. तशी मेल शेठच्या खात्यात न वाचलेली पडून होती. नवा पत्ता वहीत नव्हता, म्हणून दारातून परत. यादीने आपलं काम चोख केलं होतं.

खरी भानगड पुढे आहे. मशीन वायरवर नव्हतं, काउंटर फोडून केबल नको म्हणून वायफायचा डोंगल लावला होता. हाताने एकदा निवडलेलं वायफाय विंडोज लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी त्यालाच आधी पकडतं. त्या मुलाचा हॉटस्पॉट चालूच असायचा. म्हणजे तो दुपारी कामावर येऊन मशीन पुन्हा चालू करायचा आणि मशीन आपोआप मोबाईलच्या वाटेने बाहेर पडायचं. यादी राऊटरमध्ये, आणि मशीन राऊटरकडे फिरकतच नव्हतं. प्रिंटर यूएसबीवर असल्यामुळे बिलं निघत राहिली आणि कोणाला काही जाणवलंही नाही.

त्याच्या कितीतरी आधी, यादी लावण्यापूर्वीच, “सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय” असा एक फोन आला होता आणि कोणीतरी दुरून संगणक चालवण्याचा प्रोग्राम मशीनवर उतरवून घेतला होता. दुकानाच्या नेटवर त्याला बाहेरचा मालक गाठता येत नव्हता, म्हणून तो नुसता बसून होता. हॉटस्पॉटने त्याला वाट मिळाली.

हे सापडलं कसं, तेही मी पोरांना दाखवतो. तीन आठवड्यांनी मी राऊटरची नोंद उघडली. सकाळच्या नोंदींमध्ये एकच अनोळखी पत्ता दर काही मिनिटांनी नाकारलेला दिसत होता, अगदी घड्याळ लावल्यासारखा. माणूस असा ठोका धरून काही उघडत नाही, प्रोग्रामच उघडतो. आणि दुपारी चारनंतर नोंद कोरी. मी त्याच दिवसाचं बिल रजिस्टर शेजारी ठेवलं: चार ते साडेनऊ बिलं भरपूर, सर्व्हरवर पोचलेलीही. बिलं सर्व्हरवर जातात आणि राऊटरला त्याचा पत्ता नाही, याचा अर्थ मशीनने दुसरं दार शोधलंय.

त्या तीन आठवड्यांत काय बाहेर गेलं हे आजही सांगता येत नाही, कारण मोबाईलवर कसली नोंद राहत नाही. सगळे पासवर्ड बदलले, विंडोज नव्याने टाकलं, डोंगल काढून काउंटरखालून वायर ओढली आणि काउंटरवरच्या खात्याचे नवीन प्रोग्राम बसवण्याचे अधिकार काढले. त्या मुलाला मी रागावलो नाही, आणि बोलताना त्याचं नावही घेत नाही. त्या गर्दीत विचारायला फोन नंबरच नव्हता, ती चूक माझी.

मग अडलं तर काय करायचं?

“आधी बघा, सगळंच अडलंय की एकच काम? शेठच्या केबिनमधल्या संगणकावरही नेट नसेल तर लाइन गेलीय, यादीचा संबंध नाही. बाकी सगळं चालू आणि एकच काम दर वेळी तसंच अडतंय, तर पत्ता वहीत नसण्याची शक्यता जास्त. स्क्रीनचा फोटो काढा, वेळ लिहा, मला पाठवा.”

तिसरी शक्यता घड्याळाची. सकाळी मशीन चालू केल्यावर ब्राउझरमध्ये `NET::ERR_CERT_DATE_INVALID` दिसलं आणि कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागची असेल, तर मदरबोर्डवरचा `CR2032` सेल संपलाय. तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणी होतच नाही आणि सगळं ‘ब्लॉक’ झाल्यासारखं भासतं. तारीख हाताने नीट करा, सेल बदलून घ्या.

फोटो आला की माझ्याकडचं काम सोपं असतं. त्या मशीनवरून पॉवरशेलमध्ये हे तपासतो (पत्ता अर्थात खरा घालून):

```
Test-NetConnection api.example.com -Port 443
```

`TcpTestSucceeded : False` आलं आणि त्याच मिनिटाला राऊटरच्या नोंदीत तो पत्ता नाकारलेला दिसला, तर प्रश्न यादीचा. नोंदीत नाकारलेला नसेल तर बिघाड कंपनीच्या बाजूला किंवा लाइनमध्ये.

तोवर हॉटेलवाल्याला काय सांगायचं हेही पोरांना तोंडपाठ हवं: “माल उद्या सकाळी बिलासकट पोचवतो.” फारच घाई असेल तर बहुतेक सॉफ्टवेअरमधून त्या बिलाची फाइल काढता येते आणि शेठ ती केबिनमधल्या संगणकावरून ई-इन्व्हॉइसच्या सरकारी पोर्टलवर चढवू शकतात.

माझ्यासारख्यांची चूक: घाईत दार सताड उघडणं

सॉफ्टवेअरवाले फोनवर सहज सांगतात, “आमचा सर्व्हर अमुक क्लाउडवर आहे, त्यांचे सगळे पत्ते उघडा.” तसं करू नये. त्या क्लाउडवर कोणीही महिन्याच्या भाड्याने जागा घेतो, चोरही. नेमकं पूर्ण नाव मागा आणि लेखी घ्या. नुसता आयपी क्रमांकही नको. क्लाउडवरचे क्रमांक बदलतात, आज चाललेलं पुढच्या आठवड्यात अडतं आणि पोरं पुन्हा मोबाईल काढतात.

यादीला मर्यादा आहेत, त्या बोलताना लपवू नयेत. पेनड्राइव्हने आलेलं किंवा गेलेलं ती अडवत नाही. मंजूर पत्त्यावरच कोणी चुकीचं काही पाठवलं तर तेही तिला कळत नाही.

शेवटचं म्हणजे, हे बोलणं शेठ गल्ल्यावर बसलेले असतानाच करा. मागच्या वेळी मी सगळं सांगून उठलो आणि शेठच म्हणाले, “सगळं बरोबर, पण मॅचपुरतं जरा उघडून ठेव ना.” पोरं हसली. मी केबिनमधला संगणक दाखवला. लाइन एकच असली तरी त्याचं नेटवर्क वेगळं ठेवलंय, मॅच तिथे बघा. बिलिंगच्या मशीनवर मात्र शेठचाही पत्ता वहीत नाही.