चुकांची वही : जेएआयआयबीच्या तयारीतील सहकाऱ्यास पत्र

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या तीन सराव चाचण्या मी काल रात्री सावकाश तपासल्या. गुण अनुक्रमे ५२, ५५ आणि ५३ आहेत. जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेच्या प्रत्येक विषयात १०० पैकी ५० गुण मिळाले की उत्तीर्ण होता येते, आणि एकाच प्रयत्नात सर्व विषयांत किमान ४५ व एकूण सरासरी ५० असली तरी चालते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे हे गुण काठावरचे आहेत. पण मला गुणांपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. पहिल्या चाचणीत एनपीए, म्हणजे थकीत कर्जाच्या, खात्यासाठी नफ्यातून बाजूला ठेवायच्या तरतुदीचे जे उदाहरण चुकले होते, त्याच जातीचे उदाहरण तिसऱ्या चाचणीत पुन्हा चुकले आहे, आणि मधल्या आठवड्यात ते प्रकरण तुम्ही दोनदा वाचले होते असे तुम्हीच मला सांगितले होते. पुन्हा वाचून जी चूक गेली नाही ती तिसऱ्यांदा वाचूनही जाईल असे मला वाटत नाही. तिच्यासाठी चुकांची वही ठेवा. ती कशी ठेवावी हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

वहीची सुरुवात चाचणी सोडवतानाच होते. प्रत्येक उत्तरापुढे कच्च्या कागदावर एक खूण करत जा: खात्री असेल तर बरोबरची खूण, दोन पर्यायांत घोटाळलात तर प्रश्नचिन्ह, आणि निव्वळ अंदाज असेल तर फुली. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे अंदाजाने उत्तर देणे योग्यच आहे. मात्र सरावात अंदाजाने बरोबर आलेले उत्तर ज्ञान म्हणून मोजले जाते आणि खरी उणीव झाकली जाते. म्हणून तपासताना चुकलेले प्रश्न, आणि प्रश्नचिन्ह किंवा फुली असूनही बरोबर आलेले प्रश्न, हे दोन्ही वहीसाठी विचारात घ्या. सर्वांत आधी मात्र खात्रीची खूण असूनही चुकलेले प्रश्न पाहा. जिथे शंकाच आली नाही तिथे परीक्षेतही येणार नाही.

तपासणी त्याच दिवशी करा. आपण तो पर्याय का निवडला हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि मग माणूस 'नीट वाचले नाही' किंवा 'घाईत झाले' असे काहीतरी लिहून मोकळा होतो. माझ्या पहिल्या प्रयत्नाच्या वेळी मी नेमके हेच केले. उत्तरपत्रिकेतील बरोबर उत्तरे सुवाच्य अक्षरात उतरवून मी एक जाड वही भरली, पण माझे चुकीचे उत्तर कोणत्या विचारातून आले होते याची तिच्यात एकही ओळ नव्हती. ती पाठ्यपुस्तकाची अपुरी नक्कल होती. त्या वेळी माझा एक विषय राहिला.

आता तुमचेच उदाहरण घेऊ. प्रश्न असा होता: एक खाते ३० सप्टेंबर २०२३ रोजी एनपीए झाले. ३१ मार्च २०२५ रोजी येणे बाकी १० लाख रुपये आहे आणि तारणाची वसूल होण्याजोगी किंमत ६ लाख रुपये आहे. त्या दिवशी किती तरतूद करावी लागेल? तुम्ही ६.४ लाख हा पर्याय निवडला. बरोबर उत्तर ५.५ लाख आहे. त्याखाली तुम्ही लिहिलेली नोंद अशी आहे: 'डाउटफुलचे दर पुन्हा पाठ करणे.'

या नोंदीने काही साधणार नाही, कारण डाउटफुल, म्हणजे वसुली संशयास्पद झालेल्या, खात्यांचे दर तुम्हाला पाठ आहेतच. तुमचे गणित मी उलगडून पाहिले. तारणाने झाकलेल्या ६ लाखांवर तुम्ही ४० टक्के, म्हणजे २.४ लाख धरले आणि तारणाबाहेरील ४ लाखांवर १०० टक्के धरून बेरीज ६.४ लाख केली. खाते डाउटफुल होऊन एक ते तीन वर्षे झाली असतील तर हा हिशेब अचूक आहे. चूक त्याआधीच्या पायरीवर झाली आहे. एनपीए झालेले खाते पहिले बारा महिने सबस्टँडर्ड असते, आणि डाउटफुलचे वय त्या बारा महिन्यांनंतर मोजायला लागते. हे खाते ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत सबस्टँडर्ड होते, त्यानंतर डाउटफुल झाले, आणि ३१ मार्च २०२५ रोजी त्याला डाउटफुल होऊन सहाच महिने झाले होते. एक वर्षापर्यंतच्या डाउटफुल खात्याला तारणाच्या भागावर २५ टक्के लागतात, म्हणजे १.५ लाख. त्यात तारणाबाहेरील ४ लाख मिळवले की ५.५ लाख होतात. तुम्ही एनपीएच्या तारखेपासूनचे अठरा महिने मोजले आणि ते 'एक ते तीन वर्षे' या रकान्यात टाकले. प्रश्न तयार करणाऱ्याने ६.४ हा पर्याय अशीच मोजणी करणाऱ्यासाठी ठेवलेला असणार.

म्हणून नोंद अशी हवी:

चाचणी १, प्रश्न ३४, तरतूद. खूण: खात्री.
मी काय केले: डाउटफुलचे वय एनपीएच्या तारखेपासून मोजले.
त्या वेळी काय वाटले: एनपीए झाले म्हणजे मोजणी सुरू झाली.
नियम: आधी १२ महिने सबस्टँडर्ड, डाउटफुलचे वय त्यानंतर.
पुढच्या वेळी: दर आठवण्याआधी कागदावर तीन तारखा लिहायच्या: एनपीए, डाउटफुल, ताळेबंद.

यातील दुसरी आणि शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे. दुसऱ्या ओळीत तुमची कृती असली पाहिजे. 'गोंधळ झाला' हे कृतीचे वर्णन नव्हे. शेवटच्या ओळीत परीक्षेच्या खोलीत हाताने करता येईल अशी एक गोष्ट हवी. 'लक्ष द्यावे' ही हाताने करण्याची गोष्ट नाही, तीन तारखा लिहिणे ही आहे. संपूर्ण प्रश्न उतरवत बसू नका. तो सापडेल एवढा क्रमांक पुरतो. एका नोंदीला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू लागला तर तुम्ही नोंद सोडून टिपणे काढू लागला आहात असे समजा.

सगळ्या चुका या जातीच्या नसतात, आणि जात चुकीची ओळखली तर उपायही चुकतो. तुमच्या दुसऱ्या चाचणीत 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही' अशा स्वरूपाचे दोन प्रश्न चुकले आहेत आणि दोन्ही ठिकाणी तुम्ही बरोबर असलेले पहिलेच विधान निवडले आहे. तिथे नियमांचे वाचन निरुपयोगी आहे. 'नाही' या शब्दाभोवती मनातल्या मनात गोल काढून प्रत्येक विधानापुढे खरे-खोटे ठरवणे, एवढाच त्यावरचा उपाय आहे.

तिसरी जात अधिक फसवी आहे. ठेव विम्याच्या प्रश्नाला तुम्ही ५ लाख हे उत्तर दिले आणि चाचणीच्या उत्तरसूचीत १ लाख हे बरोबर दाखवले आहे. तुम्ही ते निमूटपणे चूक म्हणून मान्य केले आहे. वस्तुतः ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये आहे. उत्तरसूचीच जुनी आहे. खुणा खात्रीच्या असूनही उत्तर चुकले असे दिसले की वहीत नोंद करण्याआधी नियम मूळ परिपत्रकात किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या चालू पाठ्यपुस्तकात पाहून घ्या, नाहीतर ही वहीच तुम्हाला चुकीचे पाठ करायला लावील. याच कारणाने वहीच्या पहिल्या पानावर एक तारीख लिहून ठेवा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचा प्रघात असा आहे की फेब्रुवारी ते जुलैमधील परीक्षांसाठी आधीच्या ३१ डिसेंबरपर्यंतचे नियम धरले जातात, आणि ऑगस्ट ते जानेवारीमधील परीक्षांसाठी ३० जूनपर्यंतचे. आपल्या परीक्षेची सूचना पाहून ती तारीख पक्की करा. त्यानंतर शाखेत आलेले परिपत्रक कामासाठी पाळायचे असते, पण परीक्षेचे उत्तर त्यावर बेतायचे नसते. रोज काउंटरवर बसणाऱ्या माणसाला हा फरक मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो.

वही नुसती वाचू नका. वाचताना प्रत्येक नोंद ओळखीची वाटते आणि ओळखीलाच आपण समज मानतो. त्याऐवजी तीन दिवसांनी त्याच चुकीवर आकडे बदललेला नवा प्रश्न स्वतःला घाला. वरच्या नोंदीसाठी मी एक तयार करून देतो: खाते ३१ डिसेंबर २०२१ रोजी एनपीए झाले, ३१ मार्च २०२५ रोजी येणे ८ लाख, तारण ५ लाख. जुनी सवय टिकून असेल तर तुम्ही एनपीएपासूनची सव्वातीन वर्षे मोजाल, तीन वर्षांवरील डाउटफुल समजून १०० टक्के लावाल आणि उत्तर ८ लाख काढाल. तीन तारखा लिहिल्या तर दिसेल की खाते ३१ डिसेंबर २०२२ नंतर डाउटफुल झाले, सव्वादोन वर्षे झाली, म्हणून ५ लाखांवर ४० टक्के म्हणजे २ लाख, अधिक ३ लाख, एकूण ५ लाख.

नवा प्रश्न बरोबर आला तर नोंदीपुढे एक रेघ मारा. आठवडाभराने पुन्हा वेगळ्या आकड्यांनी बरोबर आला, आणि कारणही तोंडाने सांगता आले, तर ती नोंद खोडून टाका. मध्ये चुकला तर आधीची रेघ रद्द समजा. नोंदी खोडल्या गेल्याच पाहिजेत. दोन आठवड्यांत एकही खोडली गेली नाही तर तुम्ही फक्त जमवाजमव करत आहात. एकाच वेळी तीसहून अधिक नोंदी उघड्या असतील तर नवी चाचणी देणे थांबवा आणि आधी त्या मिटवा. नव्या चाचण्या देत राहण्याचा मोह होतो, कारण गुण दोन-चारने वरखाली होताना प्रगती झाल्यासारखी वाटते.

एक मर्यादाही सांगतो. जे प्रकरण तुम्ही अजून वाचलेलेच नाही त्यातील चुका वहीत लिहू नका. तिथे चूक विचाराची नसून माहितीच नसल्याची आहे. पानाच्या कडेला प्रकरणाचे नाव लिहा, ते वाचा, आणि त्यानंतरच्या चाचणीत जे चुकेल तेवढेच वहीत घ्या. तुमच्या तिसऱ्या चाचणीतील सात चुका या प्रकारच्या आहेत असा माझा अंदाज आहे.

परवा गुरुवारी शाखा बंद झाल्यावर अर्धा तास बसू. या तीन चाचण्यांतील, खात्रीची खूण असती असे तुम्हाला आज वाटते त्या पाच चुकांच्या नोंदी लिहून आणा. 'मी काय केले' ही ओळ मी आधी वाचीन आणि त्यावरून तुमचे चुकीचे उत्तर मला काढता येते का ते पाहीन. काढता आले नाही, तर ती नोंद तिथेच आपण दोघे मिळून पुन्हा लिहू.

आपला,
शाखेतील ज्येष्ठ सहकारी