एक लिटर दुधाचा खवा करण्याआधी

खवा आटवायला बसलं की मधे उठता येत नाही, म्हणून सगळं आधीच हाताशी हवं. एक लिटर फुल क्रीम दूध घ्या. यात फॅट साधारण सहा टक्के आणि बाकीचे घन पदार्थ नऊ टक्के असतात, म्हणजे लिटरमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास ऐवज. खव्यात थोडं पाणी राहतंच, त्यामुळे हाती १८० ते २०० ग्रॅम खवा येतो. पाककृतीत पाव किलो लागत असेल तर दूध सव्वा ते दीड लिटर घ्या. दूध शिळं असेल तर आधी वाटीभर वेगळं उकळून पाहा, फाटलं तर तिथेच थांबा.

कढई रुंद आणि जाड बुडाची हवी, दूध तिच्या निम्म्यापर्यंतच यावं. रिकामी कढई खाली लाकडी पाट ठेवून वजनकाट्यावर तोला आणि आकडा लिहून ठेवा. हे काम बहुतेक जण टाळतात, पण शेवटी तेच उपयोगी पडतं. उलथनं सपाट, सरळ कडेचं घ्या. गोल चमच्याने बुडाचा मधला भाग सुटतो आणि दूध नेमकं तिथेच लागतं.

वेळ पाऊण तास धरा. उकळी येईपर्यंत आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं आच मध्यम ते मोठी चालते. उलथनं बुडाला टेकवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओढा, दर वेळी शेजारची पट्टी घ्या, मग कडेने एक फेरा. कढईच्या बाजूला चिकटलेली साय तेव्हाच खरवडून दुधात ढकला. ती वाळली की नंतर सुटत नाही आणि खव्यात कडक कण राहतात.

दूध बासुंदीइतकं दाटलं की आच मंद करा. आता हात क्षणभरही थांबवू नका. बुडबुडे फुटून चटके बसतात, म्हणून लांब दांड्याचं उलथनं. बुडाला काही चिकटल्यासारखं जाणवलं, करपल्याचा वास आला, तर खरवडू नका. वरचं तेवढं लगेच दुसऱ्या भांड्यात ओता. दुसरं भांडं तयारीत ठेवायचं ते यासाठीच.

उलथन्यामागे बूड स्वच्छ दिसू लागलं, गोळा कडा सोडू लागला की गॅस बंद करून पाटासकट तोला. कढईचं वजन वजा जाता २१० ग्रॅम उरलं की पुरे. गरम कढईत तो आणखी आटतो, म्हणून थोडा सैल असतानाच ताटात काढा. तूप सुटून कडेला चमकू लागलं असेल तर उशीर झालाय, असा खवा गार झाल्यावर रवाळ आणि कडक होतो. पूर्ण निवला की झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत वापरा.