वेफर्स कडक झाले, तरी डब्यात बुरशी का येते? वाळवणातल्या या चुका टाळा

एका एप्रिलमध्ये मी पाच किलो बटाट्यांचे वेफर्स घातले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते हाताला कडक लागले, म्हणून गच्चीवरून आणून तसेच स्टीलच्या डब्यात भरले. जूनमध्ये डबा उघडला तर झाकणाला आतून ओल, कुबट वास आणि मधल्या वेफर्सवर हिरवट-करडे ठिपके. सगळं टाकून द्यावं लागलं.

चूक पहिल्याच दिवशी झाली होती. काप कुठे पातळ, कुठे जाड होते. कडक उन्हात जाड कापाची वरची बाजू चटकन वाळून कडक होते आणि आतलं पाणी आतच अडकतं. म्हणून किसणीवर सगळे काप सारखे पाडा. तुरटीच्या पाण्यातून काढून मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवा. काप किंचित पारदर्शक दिसला, पण उचलताना मोडला नाही, की काढायचा. नीट निथळून सकाळी आठ-साडेआठपर्यंत सुती कापडावर एकेक सुटा पसरा. कापड वरचं पाणी शोषून घेतं. प्लॅस्टिकवर ते खालीच साचतं. कुरडया-पापड्यांचा चीक कापडाला चिकटतो, त्यांना प्लॅस्टिकच बरं. दुपारी कडा उचलू लागल्या की प्रत्येक काप उलटायचा. हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

दुसरी चूक संध्याकाळची. ‘उद्या परत ऊन लागणारच आहे’ म्हणून वाळवण रात्रभर गच्चीवर राहतं. सूर्य कलला की हवा गार आणि दमट होते आणि अर्धवट वाळलेला पदार्थ दिवसभर सोडलेलं पाणी परत ओढून घेतो. कोकणात, मुंबईत तर हे फारच जाणवतं. तिथे एखादा दिवस जास्त लागतो हे धरूनच चालावं. उन्हं उतरायच्या आत वाळवण घरात आणा, पण परातीत ढीग करू नका. चादरीवर पसरून पंख्याखाली ठेवा. ओलसर ढिगाला रात्रीत आंबूस वास येतो. वळवाचं आभाळ आलं तरी हेच करायचं.

आता डबा भरण्याआधीची परीक्षा. सगळ्यात जाड तुकडा निवडा, सावलीत गार होऊ द्या आणि मोडा. कट्टकन मोडला पाहिजे. वाकला तर आत पाणी आहे. उन्हातून आणल्याबरोबर घेतलेली परीक्षा फसवते आणि गरम माल भरला तर डब्यात वाफ धरते. शंका असेल तर मूठभर वेफर्स काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकून एक दिवस ठेवा. काच आतून धुरकट झाली तर सगळ्यांना आणखी एक ऊन द्या. पाच किलो बटाट्यांचे साधारण किलोभर वेफर्स उरतात. फारच जास्त भरले तर पाणी राहिलंय असं समजा.

उडदाचे पापड मात्र असे कडकडीत करू नका. तीव्र उन्हात ते वाकडे होतात, चिरतात. घरातच सावलीत सुकवून शेवटी थोडा वेळ कोवळं ऊन दाखवलं की पुरे.

धूळ आणि पाखरांसाठी वरून पातळ ओढणी टाकतात; ती ओल्या कापांना चिकटते आणि कावळा तिच्यावरूनच चोच मारतो. बाजेवर वाळवण घालून चार कोपऱ्यांना विटा किंवा डबे उभे करा आणि त्यावर मच्छरदाणी ताणून खाली दगडांनी दाबा. जाळी पदार्थाला टेकता कामा नये. वारा खेळतो, माशा बसत नाहीत. बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्याही चढत नाहीत. कबुतराची विष्ठा पडलेला भाग पुसून घेऊ नका, आजूबाजूच्या तुकड्यांसकट टाका.

गवार, भेंडी यांत कीड नंतर निघते, कारण माश्या-पतंगांनी घातलेली अंडी वाळताना दिसत नाहीत. गवार उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं काढून वाळवा. पूर्ण वाळली की पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर भाजीवर दव धरतं.

बुरशी दिसली तर तेवढाच तुकडा वेचून बाकीचे तळू नका. काही बुरशींचं विष तळूनही जात नाही. मी तो डबा रिकामा केला तेव्हा हात जड झाला होता, पण घरात लहान मुलं होती.