बाँडचं ड्युरेशन काढताना या चुका टाळा

वडोदऱ्यात दांडिया बाजारात मी बी.कॉम.च्या मुलांना बाँडचं गणित शिकवतो. सहामाही व्याजाचा बाँड दिला की वह्यांमध्ये ठरावीक तीन चुकीची उत्तरं दिसतात, आणि उत्तरावरूनच चूक कुठे झाली ते कळतं. केंद्र सरकारचे बहुतेक रोखे सहामाहीच व्याज देतात, त्यामुळे हे नीट समजून घ्यायलाच हवं.

दर्शनी किंमत 100 रुपये, कूपन 8 टक्के, मुदत 3 वर्षं, यील्डही 8 टक्के. म्हणजे भाव बरोबर 100. पाच वेळा 4 रुपये मिळतील, सहाव्यांदा 104. प्रत्येक रकमेचं आजचं मूल्य सहामाही 4 टक्क्यांनी काढा, त्याला हप्त्याच्या क्रमांकाने गुणा, सगळ्याची बेरीज भावाने भागा. उत्तर येतं 5.452. पण हे वर्षं नव्हेत, सहामाह्या आहेत. निम्मे केले की मॅकॉले ड्युरेशन 2.726 वर्षं. त्याला 1.04 ने भागलं की मॉडिफाइड ड्युरेशन 2.621.

आता वही तपासा. 5.24 आलं असेल तर निम्मं करायचं राहिलं. तीन वर्षांच्या बाँडचं ड्युरेशन तीनपेक्षा जास्त असूच शकत नाही, म्हणून ही चूक लगेच पकडता येते. 2.52 आलं असेल तर 1.04 ऐवजी 1.08 ने भागलंय. ही चूक लपून राहते, कारण आकडा पटण्यासारखा असतो. एक्सेलमध्ये 2.58 दिसलं, तर सूत्रातल्या पाचव्या जागी 2 ऐवजी 1 टाकलाय:

```
=MDURATION(DATE(2025,1,15),DATE(2028,1,15),8%,8%,2,4)
```

यील्ड एक टक्क्याने बदललं तर भाव साधारण किती टक्के बदलेल, ते मॉडिफाइड ड्युरेशन सांगतं. समजा यील्ड 50 बेसिस पॉइंटने, म्हणजे अर्ध्या टक्क्याने वाढलं. 2.621 गुणिले 0.005 म्हणजे 1.31 टक्के घट, अंदाजे भाव 98.69. (इथे 0.005 च्या जागी 0.5 घालणारेही भेटतात. मग बाँडचा भाव शून्याखाली जातो.) हप्ते 4.25 टक्क्यांनी पुन्हा मोजले की खरा भाव 98.70 निघतो. फरक एका पैशाचा. 2.52 धरलं असतं तर अंदाज 98.74 आला असता. एक कोटी दर्शनी किमतीच्या रोख्यांवर साधारण 4,000 रुपयांची चूक.

हाच अंदाज 2 टक्क्यांच्या वाढीला लावला तर तो 94.76 सांगतो, खरा भाव 94.92 असतो. भाव आणि यील्डची रेषा वक्र असते, ड्युरेशन मात्र ती सरळ धरतं. म्हणून यील्ड वाढलं की अंदाज खऱ्यापेक्षा जास्त घट दाखवतो, उतरलं की कमी वाढ. एवढ्या बदलाला कॉन्व्हेक्सिटीची, म्हणजे या वक्रतेच्या मापाची जोड द्या किंवा सरळ भाव पुन्हा काढा.

दोन कूपन तारखांच्या मधे व्यवहार असेल, तर टक्केवारी साठलेल्या व्याजासकट पूर्ण किमतीला लावायची. पडद्यावर भाव 100 दिसतो, पण 2 रुपये व्याज साठलं असेल तर गुणाकार 102 शी करायचा. आणि ड्युरेशनही त्या दिवसाचंच घ्यायचं, मागच्या कूपन तारखेचं नाही.